मोकळेपणाची तालीम

चौकशी येणार असं कळलं तेव्हा मुकादमानं सगळ्या टोळीला उसाच्या फडातून बाहेर बोलावलं, खोपटांपुढच्या मोकळ्या जागेत उभं केलं आणि सांगितलं, "उद्या दिवसभर तुम्ही मोकळे आहात. आज त्याची तालीम करायची."

आत्यानं विचारलं, "तालमीचा खाडा धरणार का?"

आत्या ही तशी कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांचीच होती. टोळीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली, त्यामुळे मुकादमाला असं तोंडावर विचारायची मुभा तिला एकटीला होती. खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दंड. तो मजुरीतून जायचा नाही, उचलीत चढायचा. हंगामाआधी घरी येऊन मुकादम जी आगाऊ रक्कम हातावर ठेवतो ती उचल. ती कापणीतून फेडायची, आणि फिटेपर्यंत हलायचं नाही. खाडे चढत जायचे, त्यामुळे ती फिटण्याऐवजी बाळसं धरायची.

"अर्धा धरेन," मुकादम जरा विचार करून म्हणाला. "तालीम अर्ध्याच दिवसाची आहे."

धाकटी मागच्या ओळीत कमरेवर हात ठेवून उभी होती. टोळीतली सगळ्यात लहान सून म्हणून ती धाकटी. आता तिच्यापेक्षाही धाकटं कुणीतरी तिच्या पोटात होतं आणि ते आडवं पडलेलं होतं. दवाखान्याची नर्स मागच्या फेरीला येऊन पोट चाचपून गेली होती. "मूल आडवं आहे. खोपटात काही करायचं नाही. कळा सुरू व्हायच्या आत मोठ्या दवाखान्यात जायचं," असं तिनं आधी धाकटीला सांगितलं, मग तिच्या नवऱ्याला, आणि शेवटी, खरा निर्णय कुणाचा आहे हे ओळखून, मुकादमाला.

मुकादम वाईट माणूस नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. तो म्हणाला होता, "जाऊ दे की. मी कुठं नाही म्हणतोय? हा फड संपला की लगेच. नाहीतर बदली माणूस द्या आणि आत्ता जा." एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडणार, ती पाचट सोलून मोळ्या बांधणार, दोघं मिळून ट्रक भरणार. उचलही जोडप्यालाच मिळायची. बायको गेली की मागे अर्धा कोयता उरतो, आणि अर्धा कोयता मुकादमाच्या हिशेबात बसतच नव्हता.

बदली म्हणून धाकटीची आई आलीच होती. मोळी उचलताना तिचे गुडघे वाजले तो आवाज मुकादमानं ऐकला आणि तिला चहा पाजून परत पाठवलं. "पोरगी तुमचीच आहे हो," तो म्हणाला होता, "पण हंगामापुरती माझी."

आई चहा प्यायली. कप विसळून पालथा घातला. आणि घरी न जाता सरळ तालुक्याच्या कचेरीत जाऊन पायरीवर बसली. कुणी उठवलं की उठायची, पुन्हा बसायची. शेवटी कचेरीतल्या मोठ्या बाईंनी तिला आत बोलावून खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. पण हे इकडे कुणालाच माहीत नव्हतं. मुकादमाला फक्त कारखान्याच्या वजनकाट्यावरून कुणाचा तरी फोन आला होता: "उद्या कचेरीतल्या बाई येतायत. माणसं कोंडलेली दिसता कामा नयेत."

"पण आम्ही कोंडलेले कुठं आहोत?" धाकटीचा नवरा म्हणाला. त्याला सगळे लंबू म्हणत. तो सावकाश विचार करायचा आणि तोही मोठ्यानं. "इथं दारच नाही."

"हेच!" मुकादमानं टाळी वाजवली. "हेच उद्या सांगायचं. दारच नाही! शाबास. चला, आता चालून दाखवा."

खोपटांपासून एक कच्चा रस्ता निघून ओढ्यावरच्या मोरीपाशी डांबरी सडकेला मिळायचा. ठरलं असं की बाई येतील तेव्हा टोळीतली काही माणसं त्या रस्त्यानं सहज, आपल्या मर्जीनं, मोरीपर्यंत जातील आणि तितक्याच सहज परत येतील. मोरी ओलांडायची नाही.

शिट्टी वाजली. वाजवणाऱ्याचं नावही शिट्टीच होतं. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि काम एकच, कुणी मोरीपलीकडे जाऊ नये हे बघणं. शिट्टी ऐकून सगळी टोळी एका रांगेत, पायाला पाय लावून मोरीपर्यंत गेली आणि गर्रकन वळून परत आली.

मुकादमानं कपाळाला हात लावला. "अरे, मोकळी माणसं अशी चालतात का?"

"मग कशी चालतात?" लंबूनं मनापासून विचारलं.

यावर मुकादमही जरा घुटमळला. मग त्यानं स्वतः चालून दाखवलं. हात हलवत, मान इकडे तिकडे करत, मध्येच थांबून आभाळाकडे बघत. चार पावलांवर त्याचा पाय खड्ड्यात गेला.

"हे जमेल," आत्या म्हणाली. "फक्त लंगडायचं उजव्या पायानं की डाव्या, तेवढं सांगा."

मग प्रत्येकाला मोकळेपणा वाटून देण्यात आला. दोघं बाजाराला निघाले आहेत. दोघं बाजारातून येत आहेत. त्यांच्या पिशव्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून त्यांत पाचट कोंबायचं. एकानं झाडाखाली आळसात पडून राहायचं. या भूमिकेसाठी एवढ्या जणांनी हात वर केले की मुकादमाला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ज्याला चिठ्ठी लागली त्याला पडल्या पडल्या खरंच झोप लागली आणि त्याचा पुरा खाडा धरला गेला.

आल्या दिवशीच "हरवू नयेत म्हणून" गोळा केलेली सगळ्यांची ओळखपत्रं आणि फोन पत्र्याच्या पेटीतून बाहेर निघाले. "हे उद्या खिशात ठेवायचे," मुकादम म्हणाला. "फोन हातात धरून हसायचं. लावायचा मात्र कुणाला नाही."

"आणि मी?" धाकटीनं विचारलं.

मुकादमानं तिच्या पोटाकडे पाहिलं. पोट लपवण्यासारखं राहिलं नव्हतं. "तू फिरायला निघाली आहेस. डॉक्टरांनी सांगितलंय. अवघडलेल्या बाईनं चालावं." मग स्वतःच्याच कल्पनेवर खूश होऊन म्हणाला, "तू सगळ्यात पुढे. फार छान दिसेल."

राहिला एकच प्रश्न. मोरीपाशी माघारी वळायची खूण काय? बाईंच्या देखत शिट्टी कशी फुंकणार? बराच खल झाल्यावर मुकादमानं गळ्यातला लाल रुमाल काढला. "मी यानं तोंड पुसलं की वळायचं. कुणाला संशय येणार नाही."

दुपारभर त्यांनी ते घोटलं. रुमाल तोंडाला लागला की टोळी वळते. बघून न बघितल्यासारखं करत, खांद्यावरून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. शेवटी शेवटी तर पायच आपोआप वळायला लागले. धाकटीचेही वळले. मोरीच्या कठड्यापाशी तिला पोटात आडव्या पडलेल्या जिवाची टाच लागली आणि ती क्षणभर थांबली. पलीकडे सडक होती. सडकेवरून एक बस गेली. मग रुमाल हलला आणि ती वळली.

रात्री खोपटात लंबू मोठ्यानं विचार करत होता. "आपण उद्या बाईंना सांगितलं तर?"

"काय सांगणार?"

"की आपल्याला जायचंय."

"मग त्या म्हणतील, जा. दार कुठं आहे?"

लंबू उठून बसला. मग म्हणाला, "उचल तर आपणच घेतली ना गं. तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला. जबरदस्ती कुणी केली नव्हती." त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला. "हा सरळ झाला असता तर बरं झालं असतं."

"त्याला कशाला बोल लावता," धाकटी म्हणाली. "वळायचं म्हटलं तरी त्याला आत जागा कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी जीप आली. जीपमधून मोठ्या बाई उतरल्या, एक कारकून उतरला आणि एक पोलीसबाई. जीप त्यांनी सडकेवरच, मोरीच्या पलीकडे उभी केली आणि चालत आत आल्या. तालमीत याचा विचारच झाला नव्हता.

मुकादम हसत पुढे झाला. चहा, खुर्ची, सावली, सगळं तयार होतं. बाईंनी खुर्ची घेतली, चहा घेतला नाही. "माणसं कुठं आहेत?"

"आपापल्या मर्जीनं इकडे तिकडे असतील," मुकादम म्हणाला. "आमच्याकडे सगळा मोकळा कारभार. बघा ना, ती चाललीत बाजाराला."

बाजाराला निघालेले निघाले. बाजारातून येणारे येऊ लागले. आळशी माणूस झाडाखाली आडवा झाला, पण आज भीतीनं त्याचे डोळे टक्क उघडे राहिले. धाकटी सगळ्यांच्या पुढे, एक हात कमरेवर, नर्सनं दवाखान्यात दाखवायला दिलेला कागद ओच्यात, संथ चालत होती.

आणि नेमका तेव्हाच मुकादमाला घाम फुटला.

ऊन काही फार नव्हतं. पण बाईंनी नुसतं विचारलं, "यांची किमान मजुरी किती देता?" आणि मुकादमाच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. त्यानं रुमालानं तोंड पुसलं. टोळी जागच्या जागी वळली. बाजाराला निघालेले परत येऊ लागले, बाजारातून येणारे पुन्हा बाजाराला चालले.

"आणि हजेरी कोण मांडतं?"

रुमाल. टोळी पुन्हा वळली.

"ओळखपत्रं कुणाकडे असतात?"

रुमाल. रुमाल. फडापुढच्या रस्त्यावर माणसं भोवऱ्यासारखी फिरायला लागली. एकाची पिशवी फाटली आणि त्याच्या बाजारातून पाचट सांडलं. झाडाखालचा आळशी माणूस पडल्या पडल्या कूस बदलत होता, वळायचं म्हणजे आपण काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत्या दर वळणाला उजव्या पायानं लंगडत होती.

बाई खुर्चीतून उठल्या. "हे काय चाललंय?"

"व्यायाम," मुकादम म्हणाला आणि सवयीनं तोंड पुसलं.

फक्त धाकटी वळली नाही. पहिल्या रुमालाला तिचे पाय वळले होते, हे खरं. पण वळता वळता तिला मोरीच्या कठड्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, कचेरीच्या पायरीवर बसून बसून आलेलं एक ठाम बसणं. तिची आई. जीपमधूनच आली होती ती, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे पलीकडेच थांबली होती. तिनं हाक मारली नाही, हात केला नाही. नुसती जरा सरकून बसली. लहानपणी जेवताना शेजारी जागा करून द्यायची तशी.

धाकटी पुन्हा मोरीकडे वळली आणि चालत राहिली.

मुकादमानं रुमाल झटकला. मग हलवला. मग निशाणासारखा डोक्यावर धरला. "अगं, चहा झालाय!" त्यानं गोड आवाजात हाक दिली. धाकटी मोरीवर पोचली. शिट्टीनं सवयीनं शिट्टी तोंडाला लावली आणि आठवण होऊन खिशात घातली. धाकटी कठडा धरून मोरी ओलांडू लागली.

मुकादमाच्या घशातून तेव्हा जे निघालं त्याची तालीम झालेली नव्हती. "ए! माघारी फीर! उचल काय तुझा बाप फेडणार का? फिटल्याबिगर पाऊल टाकायचं नाही सांगितलंय ना!"

वळणारे थांबले.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या. "यांना लिहून घेता आलं नाही."

कारकुनानं पेनाचं टोपण काढलं होतं. मुकादमानं रुमाल मुठीत चुरगळला.

"मी ऐकलंय तेवढं पुरे," बाई म्हणाल्या आणि पोलीसबाईंकडे वळल्या. "यांना आणि त्या काठीवाल्यांना त्या टोकाला बसवा. मजुरांशी मी एकेकाशी बोलणार. यांच्या नजरेच्या टप्प्यात नाही."

पण आधी त्या मोरीवर गेल्या. धाकटी आईशेजारी बसली होती. बाईही कठड्यावर टेकल्या, धाकटीच्या हातातला नर्सचा कागद वाचला आणि थोडंच विचारलं. उचल कुणाकडून घेतली, मजुरी हातात येते का, दुसरीकडे कामाला जाता येतं का, जायचं म्हटलं तर काय होतं.

"जाता येतं की," धाकटी म्हणाली. "इथपर्यंत."

कारकुनानं ते तसंच्या तसं लिहिलं, वाचून दाखवलं आणि तिची सही घेतली. "तुमच्यापुरतं इतकं बास," बाई म्हणाल्या. "सुटकेचा कागद मागून येईल. जीप घेऊन आत्ता दवाखान्यात जा."

"आणि उचल?" लंबू धापा टाकत मागून आला होता. मोरीच्या अलीकडच्या कडेवर पाय जुळवून उभा होता, पलीकडे पाऊल टाकत नव्हता. "ती तर आम्ही राजीखुशीनं घेतली होती बाई."

"घेतली असेल. उचल घेणं गुन्हा नाही, देणंही नाही. पण तिच्या जोरावर माणूस अडवून ठेवला की ती वेठबिगारी. मग ते कर्ज उरत नाही. कायद्यानंच संपतं."

लंबूनं बराच विचार केला. "संपतं म्हणजे? फेडलं कुणी?"

"कुणीच नाही. विझलं. आता ते मागायला कुणी दारात आलं तर गुन्हा त्याचा. आणि आजवर जेवढा ऊस तोडलात त्याची राहिलेली मजुरी तुम्हालाच मिळायची आहे, ती वेगळी."

"आणि तो म्हणाला, आम्ही अडवलंच नाही तर?"

"ते त्यानं सिद्ध करायचं. तुम्ही नाही." बाईंनी मागे रस्त्याकडे पाहिलं. तिथं अजून दोघं जण सांडलेलं पाचट पिशवीत भरत होते. "अवघड जाईल त्याला."

बाकीच्यांचे जबाब संध्याकाळपर्यंत चालले. आत्यानं तालमीचा खाडाही लिहून घ्यायला लावला. कारकुनानं दोनदा विचारलं, "मोकळं असल्याची तालीम केली म्हणून दंड?" "अर्धा," आत्या म्हणाली. "आमचा मुकादम अन्यायी नाही."

सगळ्यात शेवटी शिट्टी उभा राहिला. खिशातली शिट्टी काढून त्यानं कारकुनापुढे ठेवली. "बाई, उचल मीपण घेतलीय. मलाही मोरीपलीकडे जायची बंदी आहे."

"मग तुमच्यावर राखण कोण करतं?"

"मीच," शिट्टी म्हणाला. "दुसरा माणूस परवडत नाही."

त्याचाही जबाब झाला. मग त्या टोकाकडून मुकादम उठून आला. रुमाल हातात चुरगळलेला. "बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "मला ट्रकवाल्यानं पैसे दिलेत टोळी आणायला. माझी मोटारसायकल त्याच्याकडे अडकलीय आणि पोरगा त्याच्या ट्रकवर बिनपगारी. मलासुद्धा जाता येत नाही. मी पण त्यातच बसतो का?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कारकुनाला नवा कागद घ्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पोराचं आणि तुमचं म्हणणं वेगळं लिहून घेते. चौकशी ट्रकवाल्याचीही होईल. पण स्वतः अडकलेला माणूस दुसऱ्याला अडकवतो तेव्हा अडकवल्याचं माफ होत नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल होणारच."

"म्हणजे मी सुटणार पण आणि अडकणार पण?"

"तसंच."

"हे बरं झालं," आत्या मागून म्हणाली. "पूर्ण कोयता झाला."

रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या हातात मुक्तीचा दाखला पडला. घरी न्यायला गाडी आली, बरोबर पोलीस होते. सगळे गाडीत चढत असताना मुकादमानं पोलीसबाईंच्या शेजारी उभं राहून डोळे पुसले. खरंच पुसले, रुमालानं. आणि अख्खी टोळी बोचक्यांसकट गर्रकन खोपटांकडे वळली. आत्यानं शिव्या घालून एकेकाला परत गाडीत चढवलं.

धाकटीचं बाळ ऑपरेशननं झालं. मुलगी. शेवटपर्यंत आडवीच राहिली, डॉक्टरांनी तिला आहे तशी उचलून बाहेर काढली. बाहेर आल्यावर तिनं हातपाय असे ताणले की नर्सला दोन्ही हातांनी धरावी लागली. आईनं नातीला दुपट्यात गुंडाळून लंबूच्या हातात दिलं. "घ्या. जरा कोवळ्या उन्हात फिरवून आणा."

लंबू पोर छातीशी धरून व्हरांड्यातून अंगणात आला. अंगणातून फाटकापाशी. फाटक सताड उघडं होतं. शेजारी स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्यानं टोपी काढली आणि रुमालानं तोंड पुसलं.

लंबूचे पाय वळले.

वर खिडकीतून धाकटी बघत होती. टाके ओले होते, मोठ्यानं हाक मारवत नव्हती. तरी तिनं मारली. "अहो! इकडे काय येताय? पुढे जा!"

लंबू थांबला. पहारेकऱ्याकडे वळून त्यानं विचारलं, "जाऊ?"

"मला काय विचारता?" पहारेकरी म्हणाला. "पोर तुमची, पाय तुमचे."

लंबूनं पोरीकडे पाहिलं. तिनं दुपट्यातून एक पाय बाहेर काढला होता. मग तो फाटकाबाहेर पडला. हात हलवता येत नव्हते, हातांत पोर होती, म्हणून नुसती मान इकडे तिकडे करत, मध्येच थांबून आभाळाकडे बघत, रस्त्याच्या कडेनं तो पार वळणापर्यंत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

धाकटी खिडकीशी उभी राहिली. तिला काळजी वाटली नाही. दूध पाजायची वेळ झाली की पोर त्याला आपणहून परत घेऊन येणार होती.